सही तिची, डोंगल कुणाकडे?

पंचायत समितीच्या सभागृहात नव्या सरपंचांचं प्रशिक्षण असलं की आत जाण्याआधी बाहेरच्या मोटारसायकली मोजाव्यात. आत जितक्या महिला सरपंच, बाहेर जवळपास तितक्याच गाड्या, आणि त्यांच्यावर रेललेले नवरे, दीर, एखाददुसरा सासरा. अकराच्या चहाला ही मंडळी आत शिरतात, फाइल चाळतात, कामाचे कागद बाजूला काढून खिशात घालतात आणि पुन्हा बाहेर जातात. मी काही वर्षं अशा प्रशिक्षणांमध्ये शिकवायला जायचो. पहिल्याच वर्षी एका बाईंच्या नावापुढे हजेरीपत्रकावर त्यांच्या नवऱ्याने सही केली आणि मी ती करू दिली. जेवणाची कुपनं वाटायची होती, घाई होती. "साहेब, ती काय न् मी काय, एकच," असं तो हसून म्हणाला. मीही हसलो.

तेव्हापासून 'सरपंचपती' या विषयावर कुणी तावातावाने बोलायला लागलं की मला ती सही आठवते. त्या बाईंची खुर्ची नवऱ्याने बळकावली असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे ती माझ्यासारख्या माणसाने, स्वतःची दहा मिनिटं वाचवण्यासाठी, त्याच्या हातात दिली होती.

73वी घटनादुरुस्ती 1993च्या एप्रिलपासून लागू झाली आणि पंचायतींमधल्या किमान एक तृतीयांश जागा, तसंच सरपंचपदं, स्त्रियांसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने 2011मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे निम्म्या गावांचा कारभार कायद्याने बाईच्या नावावर आहे. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत 'सरपंच' अशी हाक मारली की नवरा वळून बघतो. तिला सगळे 'वहिनी' म्हणतात. चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो हात जोडून, पुरुषभर उंचीचा. तिचा कोपऱ्यात, मतदार ओळखपत्रावरून काढलेला.

यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे परिपत्रक. पतीने कार्यालयात बसू नये, सभेला येऊ नये, कामात ढवळाढवळ करू नये. परिपत्रक येतं, फळ्यावर लागतं, आणि नवरा खुर्चीतून उठून शेजारच्या बाकावर बसतो. कारभार जिथे होता तिथेच राहतो. खुर्चीत कोण बसलंय हे पाहून प्रतिनिधी खरा की नामधारी हे ठरवता येत नाही, ही या उपायातली मूळ गफलत आहे. सत्ता खुर्चीत नसते. ती कागद सहीपर्यंत पोचण्याच्या वाटेवर असते, आणि त्या वाटेवर नवऱ्यापेक्षा महत्त्वाचा एक माणूस उभा असतो.

तो म्हणजे ग्रामसेवक. 2024पासून त्याचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावात तो अजून 'भाऊसाहेब'च आहे. सभेची नोटीस तो काढतो, इतिवृत्त तो लिहितो, रोकडवही तो ठेवतो. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे आता धनादेशाने जात नाहीत. ई-ग्रामस्वराज प्रणालीत आधी भाऊसाहेब देयक तयार करून स्वतःची डिजिटल सही लावतो, मग सरपंच ते तपासून आपली लावते, आणि मगच पैसे ठेकेदाराच्या खात्यात जातात. सरपंचाची ही सही पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका डोंगलमध्ये असते, तिला पिन असतो, आणि प्रणालीत नोंदवताना एक मोबाइल नंबर दिलेला असतो.

कल्पना चांगली होती. दोन माणसांनी दोनदा बघितल्याशिवाय पैसा हलू नये. आता गावात जाऊन तीन गोष्टी विचारा: डोंगल कुठे असतं, पिन कुणाला पाठ आहे, आणि नोंदवलेला नंबर कुणाचा आहे. बहुतेक वेळा डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये सापडतं, पिन त्यावरच चिकटपट्टीने लावलेला असतो, आणि नंबर नवऱ्याचा असतो. कोऱ्या धनादेशांच्या पुस्तकावर एका बैठकीत सह्या घेऊन ठेवण्याची जुनी पद्धत यापुढे काहीच नाही. तिथे निदान बाईला पेन हातात धरावं लागायचं.

प्रोसिडिंग बुक उघडून पाहिलं तरी हे ओळखता येतं. सहा महिन्यांच्या सभांखालच्या तिच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या असतील, तर त्या एका दुपारी घेतल्या आहेत. ठरावांखाली सूचक आणि अनुमोदक म्हणून पाच वर्षांत एकाही महिला सदस्याचं नाव नसेल, तर त्या सभांना आल्या असतील, पण सभेत नव्हत्या. आणि नोटीस मिळाल्याची पोच ज्या पानावर घेतात तिथे तिच्या नावापुढे कुणाची सही आहे तेही बघावं. मला आलेला अनुभव असा की घोळ तिथूनच सुरू होतो. सभेचा विषय काय हे जिला घरात शेवटी कळतं, ती सभेत बोलणार काय?

एका गावची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या बाईंना तिथेच राहायचंय. सातवीपर्यंत शिकलेल्या, चाळिशीच्या आतबाहेर. पहिली दोन वर्षं त्या अगदी नमुनेदार नामधारी सरपंच होत्या. प्रशिक्षणात शेवटच्या रांगेत बसायच्या, काही विचारलं की "ह्यांना विचारून सांगते" म्हणायच्या. डोंगल नवऱ्याच्या विजारीच्या खिशात असायचं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्याच गल्लीत बंदिस्त गटाराचं काम निघालं. सिमेंटचे पाइप ट्रॅक्टरने येत आणि त्यांच्या ओसरीसमोर उतरत. उतरवताना मजूर मोठ्याने मोजत. तीन खेपा झाल्या, दर खेपेला बारा. मजुरांना पाणी द्यायला बाई बाहेर येत होत्या, ते आकडे आपोआप कानावर पडले. काम झालं, खड्डे बुजले, आणि आषाढी जवळ आल्यावर नवरा वारीला गेला. जाताना डोंगल घरीच ठेवून गेला, कारण पालखीत तो खिसा सांभाळणं त्याला धोक्याचं वाटलं.

मध्येच ठेकेदाराचा देयकासाठी तगादा सुरू झाला. तेव्हा भाऊसाहेब पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर आले. एरवी हे काम बाईंच्या घरी कधी आलंच नव्हतं. "वहिनी, एवढं लावून द्या, ठेकेदार मागे लागलाय." बाईंनी पडद्यावरचा आकडा वाचायला सांगितला. मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे एमबी म्हणतात, गटाराची लांबी 120 मीटर लिहिली होती. त्यावरच देयक होतं.

"एक पाइप केवढा असतो, भाऊसाहेब?"

"अडीच मीटर."

"मग 36 पाइपांचं गटार 120 मीटर कसं झालं?"

36 पाइप म्हणजे 90 मीटर. हा हिशेब करायला सातवीही जास्तच झाली. किराणा भरणारी कुठलीही बाई तो तोंडी करते. भाऊसाहेबांनी सांगून पाहिलं की एमबी इंजिनिअर साहेबांनी लिहिली आहे, आपण फक्त सही लावायची असते. बाई म्हणाल्या, मग साहेबांना बोलवा, टेप मी धरते. साहेब आठ दिवस आले नाहीत. देयक अडकलं. शेवटी ठेकेदाराने गल्लीच्या टोकाला, जिथे दोन घरांचं सांडपाणी अजून उघड्यावर वाहत होतं, तिथे उरलेले 12 पाइप टाकले, आणि मग पैसे निघाले.

नवरा परत आला तेव्हा घरात काय झालं हे त्यांनी मला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी शब्द दिला होता त्याला, म्हणाले. मी म्हटलं, शब्द तुम्ही दिला होता, सही माझी होती." त्यानंतर डोंगल तांदळाच्या डब्यात राहायला गेलं.

या गोष्टीत बाईंना कुणी सबळ केलं नाही. त्या तीन प्रशिक्षणांना आल्या होत्या आणि माझ्या भाषणातलं त्यांना काहीही आठवत नव्हतं, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. फक्त नवऱ्याकडे जाणारा कागद एकदा चुकून त्यांच्यापुढे आला. तो रोज त्यांच्यापुढे यावा एवढी व्यवस्था झाली असती तर वारीची वाट बघावी लागली नसती.

आता दुसरी बाजू. हेच देयक 120 मीटरचं निघालं असतं आणि लेखापरीक्षणात सापडलं असतं, तर वसुली कुणावर लागली असती? सरपंच आणि ग्रामसेवक यांच्यावर. गुन्हा नोंदला गेला असता तर त्यात नाव तिचं. मासिक सभा बोलावली नाही, ग्रामसभा घेतली नाही, तर पद तिचं जातं. ठेकेदाराला शब्द देणाऱ्या नवऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. सत्ता बिनजबाबदार माणसाकडे आणि जबाबदारी बिनसत्तेच्या बाईकडे, असा हा सौदा आहे, आणि नवऱ्यांना तो आवडतो याचं अर्धं कारण हेच असावं.

म्हणूनच नामधारी कारभार आढळला तर त्या महिलेलाच अपात्र ठरवा, असं कुणी सुचवलं की मला ते पटत नाही. ऐकायला कडक वाटतं. पण घरात ज्याच्यापुढे बोलायची सोय नाही त्याच्या वागण्याची शिक्षा तिला, आणि तो पुढच्या वेळी खुल्या जागेवर उभा राहायला मोकळा. विरोधी गटाच्या हातात तर हे आयतं कोलीत आहे. नवरा कार्यालयात दिसला, काढा फोटो, करा तक्रार. 2023मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने तो केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाकडे पाठवला. मंत्रालयाने नेमलेल्या समितीने 2025मध्ये दिलेल्या अहवालात जरब बसेल अशा दंडाची शिफारस आहे. दंड हवाच. प्रश्न तो कुणाला, हा आहे.

याचं उत्तर दोन वाईट प्रसंगांनी आधीच देऊन ठेवलंय. 2022मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात जैसीनगर इथे निवडून आलेल्या स्त्रियांऐवजी त्यांच्या घरच्या पुरुषांनी शपथ घेतली. 2025मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात सहा महिला पंचांच्या जागी त्यांचे नवरे शपथ घेऊन मोकळे झाले. दोन्हीकडे ओरड झाल्यावर निलंबित झाला तो पंचायतीचा सचिव. मला हे अगदी योग्य वाटतं. नवऱ्याला हौस असू शकते, पण ज्याने रजिस्टर पुढे सरकवलं तो सरकारी नोकर होता. त्याला नियम माहीत होता, त्याचा पगार त्यासाठीच आहे. आपल्याकडेही ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात हे तपासण्याची सोय करता येईल: डोंगल सरपंचाच्या हातात देऊन पोच घेतली का, नोंदवलेला नंबर तिचा स्वतःचा आहे का, नोटिशीवर सही कुणाची आहे. हे तपासायला गटविकास अधिकाऱ्याला अर्धा तास लागेल, आणि त्यासाठी त्याला कुणाच्या संसारात डोकवावं लागणार नाही.

भाऊसाहेबांचीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. एकेकाकडे दोन-दोन गावं असतात, योजनांची पोर्टलं वाढतच चाललीत, आणि नवरा फोन लगेच उचलतो. बाई शेतात असते, तिच्याकडे साधा फोन असतो, तिला कागद वाचून दाखवायला वेळ लागतो. नवऱ्याकडून काम लवकर होतं. हजेरीपत्रकाच्या वेळी मी जे केलं तेच तो रोज करतो. पण लवकर होणारं काम आणि नीट होणारं काम यांत 12 पाइपांचा फरक पडू शकतो.

कायद्याचंही तिच्या बाबतीत एक मत नाही. ती स्वतंत्र लोकप्रतिनिधी आहे असं एक कलम सांगतं, आणि दुसरं तिला घराण्यात बांधून टाकतं. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलेला सदस्य अपात्र ठरतो, अशी तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. 2018च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कुटुंबालाही लागू केली; सासरे आणि नवऱ्याच्या अतिक्रमित घरात राहणाऱ्या सदस्येचं पद गेलं. लग्न होऊन त्या घरात आलेल्या बाईने घराच्या पायाचा उतारा तपासायचा होता, असा त्याचा अर्थ होतो. नंतर 2024मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातल्या विचखेड्याचं प्रकरण त्याच न्यायालयात गेलं. तिथल्या महिला सरपंचावर असाच आरोप होता, सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून. आपण वेगळं, भाड्याने राहतो असं त्या सांगत होत्या. खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी त्यांना अपात्रच ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि स्पष्ट म्हटलं की बाई सरपंच झाली, ती आपल्या वतीने निर्णय घेणार, हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलेलं नाही. या निकालातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. नामधारी सरपंचाला हटवायला कुणी इतक्या पायऱ्या चढत नाही. गाव उठतं ते बाई स्वतः कारभार करायला लागल्यावर.

इथे एक शंका नेहमी येते. नवऱ्याने मदत केली तर बिघडलं कुठे? पुरुष सरपंच तरी एकट्याने काय करतो? हे खरं आहे. कारखान्याच्या चेअरमनला किंवा आमदाराला विचारल्याशिवाय चहाचं बिलही न काढणारे पुरुष सरपंच मी पाहिलेत. त्यांना कुणी 'नामधारी' म्हणत नाही, त्यांना 'साहेबांचा माणूस' म्हणतात, आणि ते कौतुकाने. मदत आणि मालकी यांतला फरक मी एका कसोटीवर ओळखतो: तिला नाही म्हणता येतं का, आणि ती नाही म्हणाल्यावर कागद थांबतो का. थांबत असेल तर नवऱ्याने खुशाल शेजारी बसावं, चष्मा पुसून द्यावा. त्या बाईंच्या नवऱ्याने पुढे तेच केलं. तालुक्याला मोटारसायकलवर तोच न्यायचा. बाहेर थांबायचा.

हे तिसऱ्या वर्षी जमलं, आणि याच ठिकाणी आरक्षणाची रचना तिच्या विरोधात जाते. दर पाच वर्षांनी सोडत निघते आणि आरक्षण फिरतं. नवऱ्याच्या हिशेबाने तो पाच वर्षांचा पाऊस आहे. बायकोच्या नावाची छत्री धरायची आणि खुली जागा येईपर्यंत थांबायचं. बाईच्या हिशेबाने दोन वर्षं कळण्यात गेली, तीन वर्षं करण्यात, आणि जमायला लागलं तेव्हा चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. पुन्हा निवडून यायचंच नसेल तर गावाची मर्जी राखायची कशाला, घराचीच राखलेली बरी. तमिळनाडूत एकच आरक्षण सलग दोन मुदती चालतं. महाराष्ट्राने तसं करावं, असं माझं मत आहे. त्यातही तोटा आहे. ज्या गावात अनुसूचित जातीची बाई सरपंच व्हायची आहे, तिला आपल्या पाळीसाठी आणखी थांबावं लागेल. हा तोटा किरकोळ नाही. तरीही पाच वर्षांच्या फेऱ्यात प्रत्येक गटाला अर्धीच संधी मिळते, त्यापेक्षा उशिरा पण पुरी मिळावी असं मला वाटतं.

आरक्षण उठल्यावर बायका मागे सरतात, हेही पूर्ण खरं नाही. मुंबई महापालिकेच्या 1997 आणि 2002च्या निवडणुकांचा अभ्यास रिखिल भवनानी या राज्यशास्त्रज्ञाने केला आहे. जे वॉर्ड 1997मध्ये स्त्रियांसाठी राखीव होते आणि 2002मध्ये खुले झाले, तिथून बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती. मुंबई म्हणजे खेडं नव्हे, आणि पाचपट झाली तरी ती शक्यता कमीच होती. पण एकदा बाई दिसली की मतदाराला आणि पक्षाला तिची सवय होते, एवढं त्यातून दिसतं. नामधारी का होईना, ती तिथे होती.

महाराष्ट्रात एक सोय आधीपासून आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं अधिनियमात आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते. अंगणवाडी सेविका वही फिरवते आणि बायका दारात उभ्या राहून सह्या करतात. पण जिथे ती खरोखर भरते तिथे सरपंच बाईंच्या मागे चाळीस बायका असतात, आणि घरी गेल्यावर "तू कुणाला विचारून बोललीस" या प्रश्नाला "सगळ्यांना" असं उत्तर देता येतं. गटाराच्या प्रकरणानंतर त्या बाईंनी ही सभा देवळात घ्यायला सुरुवात केली, संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर. दुपारी बारा वाजता बायका येणार नाहीत हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकावं लागलं नव्हतं.

त्यांची मुदत संपली तेव्हा सोडतीत गाव दुसऱ्या प्रवर्गाला गेलं. त्या स्वतः कार्यालयात गेल्या, डोंगल भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि ते जमा केल्याची पोच मागितली. कशाला हवी, कुणी मागत नाही, भाऊसाहेब म्हणाले. त्या बसून राहिल्या. पोच लिहून होईपर्यंत पाऊण तास लागला.